तांब्याचं इलेक्ट्रोप्लेटिंग (प्रयोगशाळेतलं) : हिशोबातलं तांबं आणि काट्यावरचं तांबं

मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात तांब्याच्या पट्ट्या बुडवून वीज सोडली की ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर म्हणजे कॅथोडवर तांबं बसतं आणि धन टोकाच्या पट्टीवरून म्हणजे अ‍ॅनोडवरून तेवढंच तांबं द्रावणात उतरतं. किती तांबं बसायला हवं हे फॅराडेच्या नियमावरून आधीच काढता येतं, मग खरंच किती बसलं ते वजन करून बघायचं आणि दोन्हीची तुलना करायची, एवढाच हा प्रयोग. अकरावी-बारावीपासून बीएस्सीपर्यंत कुठे ना कुठे तो करावा लागतो, आणि जर्नलमध्ये शेवटी "कार्यक्षमता ९६ टक्के" असं काहीतरी लिहून त्याखाली हायड्रोजन निघाला, वजनात चूक झाली अशी ठरलेली कारणं टाकली जातात. बहुतेक वेळा ती कारणं त्या दिवशी घडलेलीच नसतात. राहिलेले ते चार टक्के कुठे गेले हे याच सामानात शोधता येतं, म्हणून ही नोंद मुख्यतः त्या फरकाबद्दल आहे.

नियम

मायकेल फॅराडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८३३-३४ च्या सुमारास दाखवलं की इलेक्ट्रोडवर जमा होणारं वस्तुमान फक्त किती विद्युतभार गेला त्यावर अवलंबून असतं, पट्टीचा आकार किंवा द्रावणाची तीव्रता यावर नाही. आज आपण ते असं लिहितो:

m = (I × t × M) / (z × F)

I म्हणजे अँपिअरमधला प्रवाह, t सेकंदातला वेळ, M तांब्याचं मोलर वस्तुमान ६३.५५ ग्रॅम, z म्हणजे एका Cu²⁺ आयनाला लागणारे इलेक्ट्रॉन, इथे २, आणि F म्हणजे फॅराडे स्थिरांक, ९६४८५ कूलोम प्रति मोल. सगळे आकडे टाकले की एका कूलोमला ०.३२९३ मिलीग्रॅम तांबं येतं. हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुढचं सगळं गणित होतं. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असावी, २०१९ मध्ये एसआय एककांच्या व्याख्या बदलल्या तेव्हापासून F ची किंमत व्याख्येनेच ठरलेली आहे, त्यामुळे बीकरमधल्या प्रयोगाने आपण F तपासत नसतो, तपासत असतो ते आपलं मोजमाप आणि आपल्या द्रावणात अजून काय काय चाललंय ते.

मांडणी

साधी आणि खात्रीची मांडणी अशी. ४०० मिलीच्या बीकरमध्ये ३०० मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात ४५ ग्रॅम मोरचूद, मग हळूहळू ढवळत साधारण ८ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही), द्रावण थंड झाल्यावर १५ मिली इथेनॉल. हे प्रमाण ओएटेलचं द्रावण म्हणून ओळखलं जातं आणि तांब्याच्या व्होल्टामीटरसाठी, म्हणजे बसलेल्या तांब्याच्या वजनावरून विद्युतभार मोजायच्या साधनासाठी, जुन्या काळापासून वापरलं जातं. आम्ल नसेल तर द्रावणाचा रोध वाढतो आणि कॅथोडवर तांब्याबरोबर लालसर क्युप्रस ऑक्साइडही बसू शकतं, म्हणजे वजन वाढतं पण ते सगळं तांबं नसतं. अल्कोहोल कशाला तर बसलेलं तांबं हवेतल्या ऑक्सिजनमुळे परत विरघळतं ते कमी व्हावं म्हणून, त्याबद्दल पुढे येईलच.

कॅथोड मधे आणि दोन्ही बाजूंना दोन अ‍ॅनोड, हे दोन अ‍ॅनोड एकमेकांना वायरने जोडलेले. एकाच बाजूला अ‍ॅनोड ठेवला तर कॅथोडच्या मागच्या बाजूवर थर अगदीच पातळ येतो आणि समोरच्या कडांवर जाड, खरबरीत होतो. बॅटरी एलिमिनेटर, ऱ्होस्टॅट, अ‍ॅमीटर, स्विच, सगळं एका रांगेत जोडायचं. दोन्ही इलेक्ट्रोड तांब्याचे असल्यामुळे व्होल्टेज फार लागत नाही, एखाद्या व्होल्टच्या आतबाहेर काम होतं.

प्रवाह किती ठेवायचा हे कॅथोडच्या बुडालेल्या क्षेत्रफळावर ठरवायचं. ५ × ५ सेंटिमीटर भाग बुडाला असेल तर दोन्ही बाजू मिळून ५० चौरस सेंटिमीटर, त्यावर ०.५ अँपिअर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० मिलीअँपिअर. २ ते २० मिलीअँपिअरच्या मधे राहिलं तर थर गुलाबी, बारीक कणांचा आणि घट्ट येतो. अर्ध्या तासात साधारण साडेसहा मायक्रोमीटर जाडीचा थर बसतो, डोळ्याला तो फक्त रंग उजळल्यासारखा दिसतो, म्हणून "काही झालंच नाही" असं वाटून मुलं प्रवाह वाढवतात आणि तिथेच प्रयोग बिघडतो.

पट्टी तयार करणं

कॅथोड बारीक पॉलिश पेपरने घासायचा, सौम्य आम्लात थोडा वेळ बुडवून काढायचा, डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, मग अ‍ॅसिटोनने, आणि पूर्ण सुकल्यावरच वजन. ही आम्लाची बुडी बरेच जण गाळतात, पण पट्टीवर काळपट ऑक्साइडचा पापुद्रा राहिला असेल तर तो वजनात धरला जातो आणि नंतर आम्लयुक्त द्रावणात विरघळून जातो, म्हणजे तांबं बसायच्या आधीच पट्टी काही मिलीग्रॅमने हलकी झालेली असते. आणि घासल्यानंतर पट्टी कडेनेच धरायची, बोटाचं तेल लागलं की तिथला थर नंतर सोलून निघतो.

प्लेटिंग झाल्यावर आधी पट्टी द्रावणाबाहेर काढायची की आधी वीज बंद करायची? वीज बंद करून लगेच बाहेर काढायची, आणि घड्याळ वीज बंद केल्याच्या क्षणी थांबवायचं. वीज बंद करून पट्टी तशीच आत ठेवून गप्पा मारत बसलं तर बसलेलं तांबं हळूहळू विरघळायला लागतं. धुताना नळाखाली धरायची नाही, बीकरमधल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये अलगद दोनदा बुडवायची, नंतर अ‍ॅसिटोन, आणि हवेवर सुकू द्यायची. कापडाने पुसलं तर सैल कण जातात, हॉट प्लेटवर सुकवलं तर तांबं काळवंडून ऑक्सिजनचं वजन घेतं. नीट न धुता सुकवली तर मोरचुदाचे बारीक निळे स्फटिक पट्टीवर राहतात आणि मग कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर येते, जी तांब्याच्या या प्रयोगात कधीही खरी नसते, तसं उत्तर आलं की आधी पट्टी परत धुवून सुकवून वजन करावं.

एक पूर्ण उदाहरण

समजा वर सांगितलेली मांडणी आहे, ०.५० अँपिअरवर सेट केलं आणि अर्धा तास चालवलं. कॅथोड आधी १८.४१२ ग्रॅम, नंतर १८.६९७, म्हणजे ०.२८५ ग्रॅम तांबं बसलं. जर्नलमधलं नेहमीचं गणित असं होतं: ०.५० × १८०० = ९०० कूलोम, गुणिले ०.३२९३ मिलीग्रॅम, उत्तर ०.२९६४ ग्रॅम, कार्यक्षमता ९६.२ टक्के.

पण या मुलांनी दर पाच मिनिटांनी अ‍ॅमीटर वाचून ठेवला होता असं धरू आणि वाचनं अशी होती: सुरुवातीला ०.५०, मग ०.५०, ०.४९, ०.४९, ०.४८, ०.४८, आणि शेवटी ०.४८. प्रवाह हळूहळू घसरला, कुणी ऱ्होस्टॅट परत सेट केला नाही. आता दोन वाचनांमधल्या पाच मिनिटांसाठी त्या दोघांची सरासरी धरून भार मोजला तर एकूण ८७९ कूलोम येतो, ९०० नाही. ८७९ ला ०.३२९३ ने गुणलं की ०.२८९५ ग्रॅम. मग कार्यक्षमता ०.२८५ भागिले ०.२८९५, म्हणजे ९८.४ टक्के. पट्टी तीच, वजन तेच, आणि "गमावलेलं" तांबं चार टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आलं. त्या गमावलेल्यातलं अर्ध्याहून जास्त तांबं मुळात गेलेलंच नव्हतं, ते बसायलाच नको होतं.

मला या प्रयोगात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, सैद्धांतिक वस्तुमान म्हणतो ते पुस्तकातून आलेलं नसतं, तेही आपणच मोजलेलं असतं, फक्त तराजूऐवजी अ‍ॅमीटर आणि घड्याळाने. आणि बहुतेक लॅबमध्ये अ‍ॅमीटर हा तराजूपेक्षा कच्चा असतो. सुईच्या अ‍ॅमीटरवर १.५ क्लास लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पूर्ण स्केलच्या दीड टक्का चूक चालेल. स्केल १ अँपिअरचा असेल तर ती चूक ०.०१५ अँपिअर, आणि आपण ०.५ वर वाचतोय म्हणून आपल्यासाठी ती तीन टक्के होते. उलट मिलीग्रॅमपर्यंत वजन करणाऱ्या काट्यावर दोन वजनांच्या वजाबाकीत दीडेक मिलीग्रॅम इकडेतिकडे झालं तरी ते २८५ मधलं अर्धा टक्का. वेळेत पाच सेकंद चुकले तर पाव टक्का. म्हणजे अशा अ‍ॅमीटरने काढलेले "९८.४ टक्के" हे खरं तर ९५ ते १०१ च्या मधे कुठेतरी असा दावा आहे. मात्र काटा फक्त ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर गणित उलटं होतं, मग वजनातच पाचेक टक्के अनिश्चितता येते आणि अर्ध्या तासाचा प्रयोग पुरत नाही, दीड-दोन तास चालवावा लागतो.

अ‍ॅमीटरचा प्रश्न स्वस्तात सोडवता येतो. सर्किटमध्ये १ ओहमचा, १ टक्का अचूकतेचा आणि दोन वॉटच्या वरचा रेझिस्टर रांगेत टाकायचा आणि डिजिटल मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं, अर्धा व्होल्ट म्हणजे अर्धा अँपिअर. साध्या मल्टिमीटरचं डीसी व्होल्टेज त्याच्याच १० अँपिअर रेंजपेक्षा बरंच भरवशाचं असतं.

खरंच जाणारं तांबं

आता समजा प्रवाह चांगला मोजलाय, तरीही एक-दीड टक्का कमी येतंय. हायड्रोजन हे उत्तर इथे सहसा लागू पडत नाही. तांब्याचं प्रमाण विभव हायड्रोजनपेक्षा ०.३४ व्होल्टने वर आहे, त्यामुळे कॅथोडजवळ Cu²⁺ आयन पुरेसे आहेत तोवर इलेक्ट्रॉन त्यांनाच मिळतात. हायड्रोजन निघायचा तर आधी पट्टीजवळचे तांब्याचे आयन संपावे लागतात, आणि तसं होतं ते प्रवाह फार वाढवल्यावर किंवा द्रावण फार पातळ असल्यावर. तसं झालं की लपून राहत नाही, कडांवर तपकिरी ते काळा भुसभुशीत थर येतो, बुडबुडे दिसतात, धुताना पाणी गढूळ होतं. थर गुलाबी आणि घट्ट असेल तर जर्नलमध्ये हायड्रोजन लिहू नये.

खरं कारण बहुधा ऑक्सिजन असतो. आम्लात तांबं एरवी विरघळत नाही पण हवेतला ऑक्सिजन द्रावणात मिसळलेला असला की विरघळतं:

2Cu + O₂ + 4H⁺ → 2Cu²⁺ + 2H₂O

शिवाय तांब्याची पट्टी आणि Cu²⁺ मिळून थोडे Cu⁺ आयन तयार करत असतात, आणि ऑक्सिजन त्या Cu⁺ ना लगेच Cu²⁺ मध्ये बदलतो, त्यामुळे ही क्रिया थांबत नाही. याचं लक्षण म्हणजे हे नुकसान किती प्रवाह गेला त्यावर अवलंबून नसतं, पट्टी किती मोठी आणि किती वेळ आत होती त्यावर असतं. म्हणून फार कमी प्रवाहावर तासन्‌तास चालवलेल्या प्रयोगात टक्केवारी वाईट येते. तपासायचं असेल तर त्याच द्रावणात तेवढीच तांब्याची पट्टी वीज न जोडता अर्धा तास लटकवून ठेवायची आणि वजन किती घटलं ते बघायचं. दहा मिनिटांचं जादा काम आहे, पण त्यानंतर कारण अंदाजाने लिहावं लागत नाही.

अ‍ॅनोडचं वजनही करावं, ते फुकटात मिळणारं दुसरं मोजमाप आहे. वरच्याच उदाहरणात दोन्ही अ‍ॅनोड मिळून आधी ६१.३५० आणि नंतर ६१.०५३ ग्रॅम भरले, म्हणजे ०.२९७ ग्रॅम घट, हिशोबातल्या ०.२८९५ पेक्षा अडीच टक्के जास्त. कॅथोडवर कमी आणि अ‍ॅनोडवर जास्त, हे चित्र नेहमीचं आहे. ऑक्सिजन अ‍ॅनोडलाही खातो हे एक, आणि दुसरं असं की अ‍ॅनोडवरचं थोडं तांबं दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन सोडून Cu⁺ म्हणून बाहेर पडतं, म्हणजे तेवढ्याच कूलोममागे दुप्पट तांबं. हे Cu⁺ पुढे द्रावणात आपसात बदलून अर्धं Cu²⁺ आणि अर्धं परत धातू होतं, अ‍ॅनोडखाली जी लालसर बारीक पूड साचते त्यात हे तांबं असतं, आणि पट्टी अशुद्ध असेल तर तिच्यातला न विरघळणारा गाळही. काही जण कॅथोडची वाढ आणि अ‍ॅनोडची घट यांची सरासरी काढून टाकतात, उत्तर १०० च्या जवळ येतं खरं, पण दोन्हीकडच्या चुकांची कारणं वेगळी आहेत, सरासरीने ती फक्त झाकली जातात. तुलना कॅथोडचीच करावी. दोन्ही बाजू हिशोबापेक्षा सारख्याच टक्क्याने कमी किंवा सारख्याच टक्क्याने जास्त आल्या तर मात्र संशय थेट अ‍ॅमीटरवर घ्यावा.

एकाऐवजी तीन वेळा

एकाच वजनावरून चूक कुठली हे कळत नाही, तीन वेगवेगळ्या वेळांवरून कळतं. प्रवाह ०.५० वर नीट धरून ठेवला आणि १५, ३०, ४५ मिनिटं चालवलं तर हिशोबाने ०.१४८२, ०.२९६४ आणि ०.४४४६ ग्रॅम यायला हवं. समजा प्रत्यक्षात ०.१४३२, ०.२९१४ आणि ०.४३९६ आलं. टक्केवारी ९६.६, ९८.३, ९८.९, म्हणजे वेळ वाढेल तशी कार्यक्षमता "सुधारतेय" असं दिसतं, पण नीट बघितलं तर प्रत्येक वेळी बरोबर ५ मिलीग्रॅमच कमी आहेत. हे नुकसान विजेशी संबंधित नाहीच, ते सुरुवातीच्या ऑक्साइडचं किंवा धुण्यातलं आहे. आलेख काढला, आडव्या अक्षावर कूलोम आणि उभ्यावर ग्रॅम, तर रेषेचा चढ पूर्ण ०.३२९३ मिलीग्रॅम प्रति कूलोम येतो आणि रेषा फक्त ५ मिलीग्रॅम खाली सरकलेली असते. उलट तिन्ही वेळा टक्केवारी ९७ च्या आसपासच राहिली तर नुकसान वेळेबरोबर वाढतंय, मग ते अ‍ॅमीटर असेल किंवा ऑक्सिजन, आणि त्या दोघांतला फरक वीज न जोडलेल्या पट्टीवरून करता येतो.

लोखंडी खिळ्यावर तांबं चढवणं शाळेत लोकप्रिय आहे पण या तुलनेसाठी खिळा चालत नाही. वीज न सोडताच लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबं बसतं, एक मोल तांब्याचे ६३.५५ ग्रॅम येतात तेव्हा लोखंडाचे ५५.८५ ग्रॅम जातात, त्यामुळे खिळा तांबूस दिसतो पण त्या भागाचं वजन नावालाच वाढतं आणि वरचा थर सैल राहतो. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्यावी.

उलटा वापर

नियम पक्का आहे म्हटल्यावर त्यावरून प्रवाहच मोजता येतो, आणि एकेकाळी तसंच करत. फिजिक्सच्या जुन्या प्रॅक्टिकलमध्ये तांब्याच्या व्होल्टामीटरने टँजंट गॅल्व्हानोमीटरचा रिडक्शन फॅक्टर, म्हणजे त्याच्या सुईच्या विचलनावरून प्रवाह काढायला लागणारा गुणक, काढायचा प्रयोग असायचा. आंतरराष्ट्रीय अँपिअरची १८९३ ची व्याख्या मात्र तांब्यावर नव्हती, चांदीवर होती: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलीग्रॅम चांदी बसवणारा प्रवाह, आणि ही व्याख्या १९४८ पर्यंत चालली. चांदी घ्यायचं कारण वर आलंच आहे, ती एकाच इलेक्ट्रॉनने बसते, Cu⁺ सारखा मधला आयन तिला नाही आणि बसल्यावर द्रावणात परत विरघळत नाही, शिवाय एका कूलोमला तांब्याच्या तिपटीहून जास्त वजन मिळतं. तांब्याचं व्होल्टामीटर स्वस्त म्हणून कामचलाऊ मोजणीसाठी राहिलं.

द्रावण सिंकमध्ये ओतू नये, तांब्याचे आयन पाण्यातल्या जिवांना विषारी असतात. अ‍ॅनोड तांब्याचाच असल्यामुळे द्रावणातलं तांबं जवळपास तेवढंच राहतं, गाळून बाटलीत भरलं आणि उडालेलं अल्कोहोल पुढच्या वेळी थोडं वाढवलं तर तेच द्रावण पुढच्या बॅचला चालतं.